मौनी वेळापत्रक

मढ जेट्टीवरून भाऊजींनी घरच्या ग्रुपवर २७१ नंबरच्या बसच्या छापील वेळापत्रकाचा फोटो टाकला. सोबत एक अक्षर नाही. या संयमाचे कौतुक करावे तेवढे थोडेच, कारण प्रश्न न विचारणाऱ्याला चुकीचे उत्तर मिळूच शकत नाही.

सुनेने मालाडची पुढची बस काढून दिली. फोटो दुपारचा, नेटवर्क संध्याकाळी आलेले, त्यामुळे ती ‘पुढची’ बस केव्हाच मालाडला पोचली होती. भाचीने चेन्नईच्या जावईबापूंसाठी देवनागरी आकडे इंग्रजीत करून दिले. मी तर बेतच आखला: वर्सोव्याला जायचे असेल तर बस सोडा, समोरून फेरीबोट धरा; खाडी काही मिनिटांची, रस्त्याने मात्र मार्वे-मालाडचा भलाथोरला वळसा. रविवारच्या वेळा वेगळ्या आहेत का, ते सांगणारी तळाची बारीक ओळ फोटोत कापली गेली होती.

हीच पद्धत तलाठी कार्यालयात आणावी. अर्ज कशाला? नुसता सातबाऱ्याचा फोटो द्यावा. वारसनोंद हवी, पोटहिस्सा की कर्ज, ते साहेब ओळखतील.

रात्री भाऊजी प्रकटले: “नवा फोन घेतलाय. झूम बरा आहे ना?”