बरं व्हायचं तर शनिवारी

आजारपणाच्या रजेवरून परतताना एचआरला जी चिठ्ठी लिहावी लागते, तिच्याइतकं अवघड लेखन दुसरं नसावं. राजीनाम्यात कुणाला काही पटवायचं नसतं, प्रेमपत्रात एकच गोष्ट पटवायची असते. इथे मात्र एकाच कागदावर एकमेकींच्या जिवावर उठलेल्या दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. गेल्या आठवड्यात माणूस इतका आजारी होता की त्याला लॅपटॉपसुद्धा उघडवत नव्हता, आणि आज तो इतका ठणठणीत आहे की तिमाहीचा हिशेब त्याच्या गळ्यात घालायला काहीच हरकत नाही. पहिली बाजू रंगवली की दुसरीवर संशय येतो, दुसरी रंगवली की पहिलीवर. हा तंटा मिटवायला म्हणून डॉक्टरांची दोन प्रमाणपत्रं जोडतात, एक आजारी असल्याचं आणि एक बरं झाल्याचं. माझं म्हणणं असं, की या प्रमाणपत्रांत माणसाची प्रकृती तपासली जात नाही, त्याचं कॅलेंडर तपासलं जातं. आणि जो एकच प्रश्न खरोखर विचारण्यासारखा असतो, तो त्यांच्यात कुठेच नसतो.

पुरावा म्हणून प्रमाणपत्राचा नमुनाच वाचून पाहावा. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाविषयी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे विनियम आहेत. त्यांच्या परिशिष्टात रजेच्या आणि तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्राचा मजकूर दिलेला आहे, आणि आपल्याकडचे बहुतेक छापील फॉर्म त्याच वळणाचे असतात. सुरुवातीला रोग्याची सही किंवा अंगठा, मग ओळखीची खूण. निदान एक खूण तरी नोंदवलीच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे डाव्या गालावर ठसठशीत तीळ असलेला माणूस या देशात निर्धास्तपणे आजारी पडू शकतो. पुढे डॉक्टर लिहून देतात की काळजीपूर्वक तपासणी केल्यावर यांना अमुक आजार असल्याचं आढळलं आणि प्रकृती पूर्ववत होण्यासाठी अमुक दिवस कामावर गैरहजर राहणं नितांत आवश्यक आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. त्यात गोळीचा उल्लेख नाही, सलाइनचा नाही, पथ्याचा नाही. प्रकृती सुधारण्याचा अधिकृत उपाय म्हणजे ऑफिसात न जाणं, असं वैद्यकशास्त्राने लेखी मान्य केलं आहे आणि एचआर विभाग ते दर वेळी शिक्का मारून फाइलला लावतो. तंदुरुस्तीचा मजकूर तर एका वाक्यात आटोपतो: प्रकृती सुधारली असून आता हे कामावर रुजू होण्यास योग्य आहेत. कुठल्या कामावर, ते विचारायचं नाही.

कॅलेंडरचा मुद्दा समजायला सरकारी रजेचं शास्त्र पाहावं लागतं, कारण खासगी कंपनीत जे पोर्टलवर लाल अक्षरांत उमटतं ते सरकारने केव्हाच नियमांत बांधून ठेवलं आहे. केंद्र सरकारच्या १९७२ सालच्या रजा नियमांत सुट्ट्या रजेला जोडण्याबद्दल एक तरतूद आहे. कर्मचारी ज्या दिवशी तंदुरुस्त असल्याचं प्रमाणित होतं, तो दिवस सुट्टीचा असेल तर तो आणि त्याला लागून पुढे येणाऱ्या सुट्ट्या सुट्ट्याच राहतात. त्या दिवसाच्या आधीच्या सुट्ट्या मात्र रजेत धरल्या जातात. आता समजा, शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कचेरीतला एक कारकून सोमवारपासून तापाने पडला आणि शुक्रवारी रात्री त्याचा ताप उतरला. शनिवारी सकाळी तो डॉक्टरांकडे गेला आणि त्याच तारखेचं प्रमाणपत्र घेतलं, तर शनिवार-रविवार त्याने निरोगी माणसासारखे फुकट उपभोगले आणि रजा पाचच दिवसांची झाली. पण तो म्हणाला, घाई काय आहे, सोमवारी ऑफिसला जाता जाता दवाखान्यात डोकावू. मग तेच दोन दिवस मागे जाऊन आजारी पडतात आणि रजा सात दिवसांची होते. शिवाय ती परिवर्तित रजा असेल, म्हणजे अर्धपगारी रजा बदलून पूर्ण पगारी करून घेतलेली, तर खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. शनिवारऐवजी सोमवारी बरं होण्याची किंमत चार दिवसांची अर्धपगारी रजा. रविवारी दुपारी त्याने श्रीखंड-पुरी खाल्ली असेल, मॅच पाहिली असेल, पण त्या वेळी तो आजारी होता की नव्हता हे सोमवारी सकाळी डॉक्टरांच्या पेनने ठरतं.

खासगी नोकरीत हे शास्त्र जास्त सैल आहे, म्हणूनच जास्त जाचक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगाराला वर्षाला आठ दिवसांची पगारी किरकोळ रजा दिली. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. साहजिकच ती किती, कागद कितव्या दिवसापासून लागणार आणि मधला रविवार कुणाचा, हे कंपनीची पॉलिसी ठरवते. पॉलिसी कुणी आजारी पडण्याआधी वाचत नाही, आणि आजारी पडल्यावर वाचवत नाही.

आता तो न विचारलेला प्रश्न. तंदुरुस्त, पण कशासाठी? एकाच कंपनीतल्या दोघांना टायफॉइड झाला असं धरू, एक हिशेबनीस आणि एक कँटीनचा स्वयंपाकी. दोघांचा ताप उतरला, दोघांना भूक लागायला लागली, दोघांना एकाच मजकुराचं प्रमाणपत्र मिळालं. हिशेबनीसाला थकवा असेल, दुपारी डुलकी येईल, फार तर एखादं व्हाउचर दोनदा नोंदलं जाईल. स्वयंपाक्याची गोष्ट वेगळी. टायफॉइडमधून उठलेल्या काही माणसांच्या विष्ठेतून त्याचे जंतू ताप गेल्यावरही बाहेर पडत राहतात, आणि थोड्यांच्या बाबतीत तर वर्ष उलटलं तरी थांबत नाहीत. हे दिसण्यावरून कळत नाही, त्यासाठी शौचाची तपासणी करावी लागते. न्यूयॉर्कमधली मेरी मॅलन ही स्वयंपाकीण याचं जगप्रसिद्ध उदाहरण आहे. ती स्वतः दणकट होती, पण १९०७ साली ती टायफॉइडची वाहक असल्याचं उघड झालं. १९१० साली स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिला विलगीकरणातून सोडलं, तर १९१५ साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली. आपल्या फॉर्मवर तिला कुठल्याही सकाळी तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र मिळालं असतं, कारण ती रुजू होण्यास योग्य होतीच. ती फक्त आमटी ढवळण्यास योग्य नव्हती. कंबरेचा मणका सरकलेल्या माणसाच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. तो उभ्याने काउंटर सांभाळू शकतो, पण आठ तास खुर्चीत बसू शकत नाही, आणि एचआरच्या डोक्यात ‘हलकं काम’ म्हणजे नेमकं खुर्चीतलंच काम असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मग काय, कुणीही उठावं आणि मी आजारी होतो म्हणावं? कागद मागितला नाही तर भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी अर्ध्या ऑफिसला जुलाब होतील. आक्षेप खरा आहे, पण त्या दिवशी कागद मागूनही जुलाब होतातच, फक्त ते प्रमाणित असतात. खोटा कागद ओळखायचाच असेल तर नियमांनी एचआरच्या हाती साधनं दिली आहेत. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, त्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायला हवी, प्रत्येकाची प्रत जपायला हवी, आणि खोटं प्रमाणपत्र दिल्यास त्यांचं नाव नोंदणीतून काढलं जाऊ शकतं. सगळ्यात बोलकी असते ती कागद दिल्याची तारीख. आजार दोन तारखेपासूनचा आणि डॉक्टरांनी रोग्याला पहिल्यांदा पाहिलं नऊ तारखेला, तर काळजीपूर्वक तपासणी त्यांनी तापाची केली नाही, तापाच्या आठवणीची केली. एवढी एक विसंगती पाहिली तरी पुरे. पण पोर्टलला त्याचं काही वाटत नाही. त्याला फक्त ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अर्जाशी जुळायला हवेत. दोन खऱ्या तारखांत एका दिवसाची फट राहिली तर प्रामाणिक माणसाचा पगार कापला जातो, आणि चोख जुळवून आणलेली लबाडी बिनबोभाट मंजूर होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्धवट बरा झालेला माणूस कामावर घेतला आणि तो यंत्रापाशी कोसळला, तर जबाबदार कोण? म्हणून तंदुरुस्तीचा दाखला हवाच. क्रेन चालवणाऱ्याकडून, बसच्या चालकाकडून, कँटीनच्या स्वयंपाक्याकडून तो जरूर मागावा, आणि तो त्यांच्या कामाबद्दलच असावा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आपल्या अन्नसुरक्षा नियमांत आहे आणि तिचा दाखलाही वेगळा आहे, तेव्हा कल्पना नवी नाही. ब्रिटनने २०१० साली याच विचाराने आपला जुना आजारपणाचा कागद बदलला. तिथे पहिले सात दिवस माणसाच्या स्वतःच्या शब्दावर चालतात. नंतरच्या कागदावर दोनच पर्याय असतात: कामासाठी तंदुरुस्त नाही, किंवा पुढील गोष्टी पाळल्या तर तंदुरुस्त असू शकेल. त्या गोष्टी म्हणजे हळूहळू परतणं, बदललेल्या वेळा, बदललेलं काम आणि कामाच्या जागेत फेरफार. ‘पूर्ण तंदुरुस्त’ असा पर्यायच तिथे ठेवलेला नाही. चाळिशीनंतर आरशापुढे उभं राहिलेल्या कुणालाही यामागचं शहाणपण पटेल.

आपला फॉर्म उद्या बदलणार नाही, पण चिठ्ठी आपल्या हातात आहे. रोगाचं नाव प्रमाणपत्रात असतं तेवढं बास. चिठ्ठी किती जणांना कॉपी होईल ते सांगता येत नाही, आणि तिच्यात मूळव्याध असं लिहिलं की संध्याकाळपर्यंत सिक्युरिटीच्या काकांकडूनसुद्धा रामबाण उपाय येतो. ‘आपल्या शुभेच्छांमुळे’ नको, तापाचे आकडे नकोत, ‘आता एकदम फ्रेश वाटतंय’ तर मुळीच नको, कारण त्याचा अर्थ तुंबलेलं काम आजच उरका असा घेतला जातो. मजकूर एवढाच असावा: ‘मी २ जून ते १३ जून वैद्यकीय रजेवर होतो. दोन्ही प्रमाणपत्रं सोबत जोडली आहेत. बसून करायचं माझं नेहमीचं काम मी १६ जूनपासून पूर्ण वेळ करू शकतो, मात्र आणखी दोन आठवडे बाहेरगावचा दौरा करू नये असं डॉक्टरांनी प्रमाणपत्रात नमूद केलं आहे. रजा कोणत्या खात्यात धरली ते कृपया कळवावं.’ यातलं तिसरं वाक्य फॉर्म मागत नाही, म्हणून ते डॉक्टरांकडून आवर्जून लिहून घ्यावं लागतं. पण साऱ्या कागदपत्रांत एचआरच्या उपयोगाचं वाक्य तेवढंच असतं. ते वाचल्यावर तिथल्या माणसाला तारखा जुळवण्यापलीकडचं एक काम मिळतं: दौऱ्यावर दुसऱ्या कुणाला पाठवायचं ते ठरवणं.