पान क्रमांक १८३

वकिली करायला लागलो तेव्हा माझा आवाज भारदस्त आहे, अशी माझी समजूत होती. अजूनही आहे. पण हायकोर्टात त्या आवाजात मी सर्वाधिक वेळा काय उच्चारलं असेल, तर ‘पेज वन एटी थ्री, माय लॉर्ड’ किंवा त्याच जातीचं एखादं वाक्य. कायद्याचा कीस आम्ही घरी पाडतो. कोर्टात पानं दाखवतो. त्यामुळे पानांवर नंबर घालण्याचं काम क्लार्कवर सोडून देण्याइतका मी भोळा नाही. पेजिनेशन माझ्या देखरेखीखाली होतं. म्हणजे आमचे क्लार्क काका नंबर मारतात आणि मी चहा पीत ‘सरळ येऊ द्या’ म्हणतो.

नंबर मारण्याचं आमचं यंत्र लोखंडी आहे. दांडा दाबला की खटका पडतो, आकडा उमटतो आणि आतली चाकं पुढच्या आकड्यावर जातात. अमेरिकेत एडविन बेट्स नावाच्या गृहस्थाने १८९०च्या दशकात असल्या यंत्राची पेटंटं घेतली, आणि तिकडे वकिलांच्या कागदांवर नंबर घालण्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. तिथे कंपन्यांच्या खटल्यांत लाखो कागद एकमेकांना द्यावे लागतात, म्हणून आकडा सहा-सात अंकी असतो, पुढे शून्यं आणि त्याच्याही पुढे पक्षकाराच्या नावाची अक्षरं. एकदा पडलेला नंबर त्या कागदाला जन्मभर चिकटतो. कागद कुठल्याही गठ्ठ्यात गेला तरी नंबर तोच. हे मी पक्षकारांना नेहमी सांगतो. त्यांना फीबद्दल विचारायचं असतं.

यंत्राच्या बाजूला एक छोटी कळ असते. ती ‘एक’वर असेल तर दर दाबाला आकडा वाढतो, ‘दोन’वर असेल तर तोच आकडा दोनदा उमटून मग वाढतो, शून्यावर असेल तर तो जागचा हलतच नाही. म्हणून काका आधी रद्दी कागदावर चार-पाच ठसे मारून बघतात. शाईही साधी रबरी शिक्क्याची चालत नाही. ती धातूच्या आकड्यांवर नीट बसत नाही, आणि तीनशेएकाचा ठसा तीनशेसातसारखा दिसू लागतो. संगणकावर दोन मिनिटांत सगळ्या पानांवर नंबर पडतात हे मला ठाऊक आहे. पण त्या दोन मिनिटांत खटका ऐकू येत नाही, आणि खटक्याशिवाय मला आपण काही केलं असं वाटत नाही. ऐकायला पक्षकार समोर असेल तर मी एखादं पान स्वतःही मारतो.

असेच एक पक्षकार होते, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणायचो. नोकरीची सुरुवातीची काही वर्षं हिशोबात न धरल्यामुळे त्यांचं पेन्शन कमी बसलं होतं, आणि कचेरी त्यांच्या पत्रांना ‘पत्र प्राप्त नाही’ याखेरीज उत्तर देत नव्हती. त्यांनी फाइल आणली ती तारखेवार लावलेली, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने वळणदार नंबर. सेवापुस्तकातल्या ज्या पानावर नेमणुकीची नोंद होती, त्याचा त्यांचा नंबर ५७. आमच्या गठ्ठ्यात तेच पान १८३.

इथे एक बारकावा आहे. सेवापुस्तकाला छापील पृष्ठांक असतात, करारपत्राला स्वतःचे असतात, आणि गुरुजींसारख्या माणसाचे आणखी वेगळे. म्हणून आमचा नंबर कायम एकाच जागी, उजवीकडे वर, मजकूर आणि शिक्के चुकवून पडावा लागतो. डावीकडे मारला तर भोक पाडून टॅग बांधल्यावर तो गठ्ठ्याच्या पोटात जातो. पाठपोट मजकूर असेल तर मागच्या बाजूलाही नंबर हवा. नाहीतर झेरॉक्सवाला पुढची बाजू काढतो, आणि नेमकी मागची नोंद राहते. मूळ गठ्ठ्यावर आधी नंबर आणि मग त्याच्या झेरॉक्स, हा क्रम त्यासाठीच. मशीनने दोन कागद एकदम ओढले, तर १६१ नंतर १६३ दिसतो आणि चोरी पकडली जाते.

गुरुजींच्या याचिकेची ४१२ पानं झाली. चार संच निघाले, इंडेक्स टाइप झाला, आणि संध्याकाळी गुरुजी एक पत्र घेऊन आले. तीन पानांचं, कचेरीच्या पोच-शिक्क्याचं. म्हणजे ‘प्राप्त नाही’ या उत्तराचं पितळ उघडं करणारं.

“तारखेप्रमाणे हे १४६च्या नंतर येतं,” ते म्हणाले.

“गुरुजी, शेवटी लावू.”

“वकीलसाहेब, मुलांना मी असं कधी शिकवलं नाही.”

काकांनी काही न बोलता पेन उघडलं. १४६ए, १४६बी, १४६सी. यंत्राला अक्षरं येत नाहीत. चारही संचांत हाताने लिहिलं, इंडेक्समध्ये ओळ घातली. १४७पासून नव्याने नंबर घालायचे, तर पुढचं प्रत्येक पान आणि याचिकेच्या मजकुरातला ‘पृष्ठ अमुक पाहा’ हा प्रत्येक उल्लेख बदलावा लागला असता. मग एक संच काकांनी घेतला, एक मी. काका नंबर आणि पानावरचा पहिला शब्द वाचत, मी माझ्या संचात बघत होतो.

ई-फायलिंगने आणखी एक गंमत केली. सुरुवातीची इंडेक्सची दोन आणि सिनॉप्सिसची सहा पानं ए ते एच अशी अक्षरांची. म्हणजे याचिकेचं पहिलं पान पीडीएफमध्ये नववं. १८३मध्ये ही आठ आणि आमची घुसवलेली तीन मिळवा. पडद्यावर १८३ टाइप केलं की भलतंच पान उघडणार, कारण खरं पान १९४वं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक एक्झिबिटला बुकमार्क, आणि पीडीएफच्या पानांना कागदावरचीच लेबलं.

हे सगळं उरकताना गुरुजी समोर बसले होते. यंत्राचा ठसा त्यांच्या पेन्सिलीच्या ५७च्या शेजारी पडला होता. त्यांनी विचारलं, “माझा खोडला का?” नव्हता खोडला. आणि मला एकदम राग आला, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. माणूस आपल्याच कागदांना वर्षानुवर्षं नंबर का घालतो? कुणीतरी एक दिवस विचारेल, आणि त्या दिवशी आपल्याला शोधत बसावं लागू नये म्हणून. ५७ आकडे घालून झाले तरी कुणी विचारलं नव्हतं. माझं भारदस्त काम एवढंच होतं की आता विचारणाऱ्याच्या हाती तोच कागद यावा.

सुनावणीला समोरच्या वकिलांनी आमची प्रत्येक गोष्ट नाकारली. तारखा नाकारल्या, हक्क नाकारला. मात्र “वन एटी थ्री” म्हटल्यावर तेही मुकाट्याने त्याच पानावर आले. उभ्या खटल्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालं ते तेवढंच.

आदेश गुरुजींच्या बाजूने लागला. त्यात माझ्या युक्तिवादाला जागा मिळाली ती ‘वकिलांना ऐकले’ एवढीच. पृष्ठ १८३ला मात्र अख्खा परिच्छेद. मी तो परिच्छेद गुरुजींना वाचून दाखवला, १८३वर आवाज जरा चढवून.

ते म्हणाले, “छान. पण ५७ लिहिलं असतं तरी चाललं असतं.”