वडिलांची नांगरणी

श्टुटगार्टला एका कारखान्यात तपासनीसाच्या जागेसाठी मुलाखत होती. ‘श्टेर्कऽ’ या जर्मन शब्दाचे दोन अर्थ मला ठाऊक होते : अंगचा गुण आणि कपड्यांची खळ. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझी ‘श्टेर्कन’ विचारली, तेव्हा आधी आईच्या खळ घातलेल्या साड्याच डोळ्यांपुढे आल्या.

सावरून म्हटलं, “इश बिन त्सुफरलेसिश.” म्हणजे मी भरवशाची आहे.

“त्सुम बाइश्पील?” बाई म्हणाल्या. म्हणजे, उदाहरणार्थ? जर्मन माणसाला नुसतं विशेषण दिलं की तो पावती मागतो. मग मी पुण्यातल्या जुन्या नोकरीतला किस्सा सांगितला. एका लॉटमधली भोकं पाच शतांश मिलिमीटरने मोठी निघाली होती, ट्रक दारात उभा होता आणि मी माल अडवला. बाईंनी प्रथमच काहीतरी लिहून घेतलं.

दोष विचारल्यावर ‘मी फार परिपूर्णतावादी आहे’ असं सांग, हा चुलतभावाचा सल्ला. ते त्या रोज ऐकत असणार. मी खरं ते सांगितलं : चारचौघांत बोलताना माझी गाडी सुसाट सुटते, म्हणून तीन मुद्दे कागदावर लिहून घेते. पुरावा म्हणून तो कागद दाखवला. त्यावर चौथा मुद्दा होता ‘दूध आणणे’.

मग ‘ल्यूकऽ’. पडलेल्या दाताच्या फटीला लावतात तोच शब्द इथे बायोडेटातल्या फटीलाही. इथे नोकऱ्या महिन्यानिशी लिहायच्या असतात, त्यामुळे मार्च ते ऑक्टोबर हे आठ महिने लपायला जागा नव्हती. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी सांगलीला त्यांच्याजवळ होते. वाक्य पाठ होतं : ‘इश हाबऽ माइनन फाटर गऽप्फ्लेक्ट’. मी वडिलांची शुश्रूषा केली. जर्मनमध्ये हे क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, म्हणून बाई शेवटपर्यंत थांबल्या. आणि घाईत माझ्या तोंडून आलं, ‘गऽप्फ्ल्यूक्ट’.

मी वडिलांना नांगरलं.

आठ महिने.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि आता?” त्यांनी शांतपणे विचारलं.

त्यांना आजारपणाची हकिगत नको होती. फट बुजली की नाही, एवढंच हवं होतं. मी म्हटलं, “आता ते काठी घेऊन चालतात, भाऊ जवळ असतो, मी पूर्णवेळ काम करू शकते.” बाईंनी मान डोलावली आणि पुढे पगाराचं विचारलं.

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नांगरलंस ते ठीक. पेरलंस काय?”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. जागा मिळाली, सहा महिने परीक्षाकाळ.