मौन, संमती आणि 23 सप्टेंबर

डिझाइनची मंजुरी ग्राहकाने द्यायची असते आणि तिला एक शब्द पुरतो. तो शब्द सोडून बाकी सर्व काही वेळेवर मिळते. 'छान झालंय', 'बघून सांगतो', 'घरी दाखवून घेतो', वर केलेला अंगठा, जोडलेले हात, गुरुवार असल्यास दत्तगुरूंचे चित्र. छापखाना यांपैकी कशालाही मंजुरी मानत नाही. घोंगडे असे भिजत पडले की डिझाइनर शेवटचा उपाय काढतो, तो म्हणजे मुदतीचे पत्र. अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास डिझाइन मंजूर धरून काम पुढे नेले जाईल, एवढाच त्याचा आशय.

पत्र साधे दिसते, पण त्यातली तारीख रागाच्या भरात ठरवलेली असेल तर ते फुकट जाते. तारीख उलटी मोजत यावी लागते. उदाहरणासाठी पुण्यातल्या एखाद्या फराळवाल्याचा चिवड्याचा खोका आणि 2025 ची दिवाळी घ्यावी. वसुबारस 17 ऑक्टोबरला, म्हणजे भरणे-बांधणे धरून खोके 8 ऑक्टोबरला दुकानात हवेत. छापखान्याने कामाचे 12 दिवस सांगितले आहेत: प्लेट आणि डाय बनवायला 2, छपाई आणि वाळवणे 3, लॅमिनेशन 2, पंचिंग 2, चिकटवणे आणि मोजणी 3. मागे मोजताना दोन रविवार वगळायचे आणि 2 ऑक्टोबरही वगळायचा, कारण त्या दिवशी गांधी जयंती आणि दसरा एकत्र आल्याने मशीनला हार मिळतो, कागद मिळत नाही. उत्तर येते 24 सप्टेंबर. त्या सकाळी काम सुरू व्हायलाच हवे, म्हणून मंजुरीची शेवटची वेळ मंगळवार, 23 सप्टेंबर, संध्याकाळी 5.

आता ग्राहकाचे पंचांग. प्रूफ गेले 8 सप्टेंबरला, विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी. ग्राहक थकलेला होता. मग पितृपंधरवडा होता आणि त्यात नव्या गोष्टीला होकार देत नाहीत. (डिझाइनरला ठरलेली आगाऊ रक्कम देणे हीही नवी गोष्ट धरली जाते. डिझाइनमध्ये सातवा बदल सुचवणे मात्र जुन्यात मोडते.) 12 आणि 15 तारखेच्या आठवणींना निळ्या खुणा मिळाल्या. पंधरवडा संपतो 21 ला आणि घटस्थापना 22 ला, त्यामुळे 23 ची मुदत ग्राहकाच्या श्रद्धेला धक्का न लावता त्याला जवळजवळ दोन शुभ दिवस देते. हे जुळून आले नसते, तरी तारीख तीच राहिली असती.

पत्र 16 तारखेला, सात दिवस हाताशी ठेवून, ईमेलने जाते. फोनवरच्या गप्पांच्या ओघात ते टाकले तर वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडले जाते. मजकूर असा: 'सोबत चिवडा खोक्याचे प्रूफ क्रमांक 4 आहे. 8 ऑक्टोबरला खोके मिळण्यासाठी 24 सप्टेंबरला प्लेट आणि डायचे काम सुरू करावे लागेल. 23 सप्टेंबर, सायंकाळी 5 पर्यंत बदल न कळवल्यास कोटेशनमधील कलम 6 प्रमाणे हेच प्रूफ मंजूर धरून काम सुरू करू. त्यानंतरच्या बदलाचा प्लेट, डाय व कागदाचा खर्च वेगळा पडेल आणि पोचवण्याची तारीख पुढे जाईल.' यात 'वारंवार विनंती करूनही' हे शब्द नाहीत. ते लिहिले की ग्राहक खोक्याऐवजी आपल्या अपमानाला उत्तर देतो, आणि ते मात्र दहा मिनिटांत येते. प्रूफचा क्रमांक हवाच, कारण ग्राहकाच्या फोनमध्ये चारही प्रूफे असतात आणि त्याला आवडलेले नेहमी दुसरे असते.

पत्रातला खरा आधार 'कलम 6' हा आहे. मौनं संमतिलक्षणम् हे वचन लग्न ठरवताना चालत असेल, करारात चालत नाही. इंग्लंडमधल्या एका काकाने एकदा पुतण्याला घोड्याबद्दल लिहिले की यापुढे काही कळले नाही, तर घोडा तीस पौंड पंधरा शिलिंगांना आपला झाला असे समजेन. पुतण्या गप्प राहिला. त्याच्या मनात घोडा काकालाच द्यायचा होता, तसे त्याने लिलाववाल्याला सांगितलेही होते, पण लिलाववाल्याने चुकून घोडा विकला. फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या 1862 च्या खटल्यात न्यायालयाने काकाला हात हलवत परत पाठवले: समोरच्याच्या गप्प बसण्याला आपण होऊन होकार ठरवता येत नाही. काका-पुतण्याच्या व्यवहारात कोणाच्या मौनाचा काय अर्थ घ्यावा, हे महाराष्ट्राला निराळे शिकवायला नको. मुद्दा इतकाच की मुदतीची अट काम घेतानाच कोटेशनमध्ये असावी आणि त्यावर ग्राहकाची सही असावी. कोटेशनवर सही सहज मिळते, कारण ते कोणी वाचत नाही. अट आधी नसेल, तर 16 तारखेचे पत्र हे काकाचे पत्र ठरते.

सरकारी मौनाचे अर्थही दोन आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे बांधकाम परवानगीच्या अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर नियमांत बसणारी परवानगी मिळाली असे मानतात. माहिती अधिकार कायदा, 2005 मध्ये 30 दिवसांचे मौन हा नकार असतो. ग्राहकाचे मौन या दोहोंच्या मधोमध आहे, म्हणून अर्थ आधीच लिहून ठेवावा लागतो.

अट असली तरी काही गोष्टी मौनावर सोडू नयेत. खोक्यावरचा 14 आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, घटकपदार्थ यांची खात्री फक्त ग्राहकच करू शकतो. रंग चुकला तर वाद होतो, आकडा चुकला तर दहा हजार खोके रद्दीत जातात. जाणता डिझाइनर मंजुरीचे दोन भाग करतो. रंग-रचना मुदतीवर, मजकूर मात्र सहीवरच. मजकुराची सही नसेल तर 24 तारखेला डाय बनवायला द्यावी, कारण खोक्याचा आकार ठरलेला असतो. प्लेट आणि कागद थांबवावे, आणि पोचवण्याची तारीख रोज एक दिवस पुढे जात असल्याचे ग्राहकाला कळवावे.

23 तारखेला पाच वाजण्याच्या आत ग्राहकाने बदल कळवला, तर ते उत्तर आहे, भले चिडचिड होवो. मुदतीने आपले काम केलेले असते. प्रूफ क्रमांक 5 बनतो आणि नव्या मोजणीने नवी तारीख जाते. 24 तारखेला सकाळी अकराला 'जरा थांबा, काकूंना हिरवा गडद वाटतोय' असा निरोप आला, तर तोवर नेमके काय झाले हे छापखान्याला विचारून त्या खर्चाचा आकडा लगेच कळवावा. आकडा वाचून काकूंना हिरवा बहुधा फिकट वाटू लागतो.

काही न येता पाच वाजले, तर 24 ला सकाळी खरोखर काम सुरू करावे. डिझाइनर इथेच कच खातात, आणखी एकदा विचारतात, आणि पुढच्या वर्षीच्या पत्राची किंमत त्याच फोनमध्ये संपते.

खोके 8 ऑक्टोबरला पोचले की मौनाचा आणखी एक कायदा लागू होतो. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार ग्राहकाने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही की माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरतात, आणि लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. 2025 मध्ये ते 15 दिवस भाऊबिजेला, 23 ऑक्टोबरला भरतात. तोवर चिवडा संपलेला असतो.