ऑइलमामा

डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगेत मामांना त्यांच्या नावाने कुणी ओळखत नाही. ‘ऑइलमामा कुठाय?’ असं विचारलं की चार हात एकाच दिशेला होतात. त्या दिशेला बहुधा एक रिक्षा झुकलेली असते, तिच्याखाली दोन पाय दिसत असतात, आणि शेजारी उभे राहून मामा त्या पायांना सल्ला देत असतात.

मामांची श्रद्धास्थानं दोन. एक शिर्डीचे साईबाबा आणि दुसरं जाड ऑइल. साईबाबांबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

ऑइल तपासण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. डिपस्टिक बाहेर काढायची, टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, चिमूट तीनदा मिटायची-उघडायची, मग ती उजेडात धरायची, मग नाकाशी न्यायची आणि डोळे मिटायचे. एवढं होईपर्यंत मागे बसलेल्या तीन प्रवाशांची सात बावन्नची लोकल सुटलेली असते. मग निकाल येतो. ‘अजून दीड महिना हात लावायचा नाही.’ ऑइल चाखून बघितल्याचं मात्र मी अद्याप पाहिलेलं नाही.

ही विद्या त्यांनी टू-स्ट्रोकच्या काळात कमावली. तेव्हा ऑइल पेट्रोलातच मिसळायचं आणि पेट्रोलाबरोबर जळून निळा धूर होऊन जायचं. बदलायचा प्रश्नच नव्हता, फक्त घालत राहायचं. पुढे फोर-स्ट्रोक आली, ऑइल इंजिनाच्या पोटातच राहून तिथे फिरायला लागलं, पण मामांच्या मनातून ते ‘घालत राहायचं’ गेलं नाही. कमी झालं की वरून ओततात आणि त्याला सर्व्हिसिंग म्हणतात.

जाडपणाच्या श्रद्धेत तथ्य नाही असं मुळीच नाही. रिक्षाचं हे इंजिन हवेने थंड होतं. त्यावर वारा मारणारा पंखा इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो. म्हणजे रिक्षा जागेवर उभी राहून नुसती फटफटत असते, तेव्हा पंखा मंदावतो आणि समोरून येणारा वाराही नसतो. ऑइलचा पंपही त्याच वेळी हळू फिरतो. इंजिन तापलेलं, ऑइल पातळ झालेलं आणि दाब कमी, अशा अवस्थेत धातूवर धातू घासू न देणारा पापुद्रा टिकला पाहिजे. म्हणून टिनावर २०डब्ल्यू-५० असतं. मागचा ५० तापलेल्या ऑइलची जाडी सांगतो, पुढचा २० थंडीतली. थंडीचा आकडा लेहला महत्त्वाचा. डोंबिवलीत जानेवारीतही २० भरपूर झाला.

पण मामांना आकडे दिले की ते त्यांची शर्यत लावतात. ५० चांगला, तर ९० किती चांगला, असं म्हणून एकदा ते गिअर ऑइलची बाटली घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री कमी बोलणारा माणूस. म्हणाला, ‘मामा, दोघांची मापं वेगळी आहेत. ९० नंबरचं गिअर ऑइल आणि ५० नंबरचं इंजिन ऑइल जाडीला जवळपास सारखंच. आणि गिअर ऑइलमधली औषधं इंजिनाला मानवत नाहीत.’ मामांना हा गिअर ऑइल कंपन्यांचा कट वाटला.

मग गेल्या वर्षी भाच्याचा डबा आला. भाचा मोटारींच्या वर्कशॉपमध्ये कामाला. त्याने मामाच्या प्रेमापोटी महागडं फुल सिंथेटिक दिलं, ५डब्ल्यू-३०. पातळ बघून मामांनी नाक मुरडलं, पण फुकटच्या ऑइलला ग्रेड नसतो. ओतलं. दोन दिवस रिक्षा लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर मागे तीन प्रवासी घेऊन मामांनी मूठ पिळली. इंजिन किंचाळलं, रिक्षा होती तिथेच. आणखी पिळली, आणखी किंचाळलं. मागच्या बाई उतरून चालत निघाल्या आणि रिक्षाच्या पुढे गेल्या.

मामांनी क्लचची केबल तीनदा आवळली-सैल केली. मिस्त्रीने केबलकडे बघितलंही नाही. ‘ऑइल कुठलं टाकलंत?’ एवढंच विचारलं. रिक्षाच्या क्लचप्लेटा इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीचा क्लच बाहेर कोरडा असतो, त्यामुळे मोटारीच्या पातळ ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घसरण वाढवणारी द्रव्यं बिनधास्त घालता येतात. तीच द्रव्यं रिक्षाच्या प्लेटांवर बसली की प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत. म्हणून टिनाच्या मागे बारीक अक्षरात ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ आहे का ते बघायचं. ही जपानी खूण ओल्या क्लचसाठी असते. ‘एमबी’ असेल तर तो टिन परत ठेवायचा, मग त्यावर दुचाकीचं चित्र का असेना. त्या एका फुकटच्या डब्यापायी मामांचं दोनदा ऑइल बदलून झालं, तेव्हा क्लच परत धरायला लागला. भाच्याशी बोलणं अजून सुरळीत नाही.

खरा घोटाळा गॅसने केला, आणि तो मामांना कुणी समजावून सांगितला तरी पटत नाही. पेट्रोलवर मामांची चिमूट आणि नाक खरंच उपयोगी होतं. थंड इंजिन चोक ओढून उभ्या-उभ्या चालवलं की न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. चिमटीत ते कळतं, वासही येतो. काजळीने रंग काळा पडतो. सीएनजी तर आत जातानाच वायू. तो सिलिंडरची भिंत धुऊन खाली उतरत नाही आणि काजळीही फार धरत नाही. म्हणून दिवसातले कितीतरी तास नुसतं फटफटत उभं राहायचं असेल, तर ऑइलच्या दृष्टीने पेट्रोलपेक्षा गॅस सोयीचा, यात शंका नाही. पण त्यामुळेच दोन महिने वापरलेलं ऑइलही मधासारखं दिसतं, आणि मामा ते उजेडात धरून म्हणतात, ‘बघा साहेब, देवाचं तीर्थ.’

त्या तीर्थाचा आतला कस मात्र गेलेला असतो. गॅसच्या ज्वलनात ऑइलवर नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा मारा होतो, त्यात ऑइल हळूहळू घट्ट आणि चिकट होतं, आणि आम्ल मारणारी द्रव्यं संपत जातात. चिमटीला ते जाड लागतं. मामांना जाड लागलं की आनंद होतो.

आता कानाची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात मामांच्या इंजिनातली टॅपेटची टिकटिक बंद झाली. रांगेतल्या प्रत्येकाला त्यांनी इंजिनाशी कान लावायला बोलावलं. ‘ऐका! जाड ऑइलचा प्रताप!’ मलाही वाकायला लावलं. खरोखर शिलाई मशीन थांबावं तशी शांतता होती. आठवड्याभरात सकाळी सेल्फ मारला तरी रिक्षा उठेना. तापल्यावर बरी चालायची, पण स्टँडवर फटफटताना मध्येच गचके देऊन बंद पडायची, आणि चढावर जीव नव्हता. मामांनी प्लग बदलला, बॅटरीला शिव्या दिल्या, मग पंपावरच्या गॅसला.

मिस्त्रीने गाडी रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी झाकण उघडून टॅपेटखाली फिलरची पट्टी सरकवून बघितली. एक्झॉस्टच्या बाजूला पट्टी आत शिरेचना. गॅस कोरडा असतो. पेट्रोल जळल्यावर जो बारीक थर वाल्व्ह आणि त्याच्या सीटच्या मध्ये उशीसारखा बसतो, तो गॅसवर मिळत नाही. सीट झिजत जाते, वाल्व्ह तिच्यात रुतत जातो, आणि रुतला की त्याचा वरचा दांडा तेवढाच वर येऊन टॅपेटची फट खातो. फट संपली, आवाज संपला. मग वाल्व्ह पूर्ण मिटतच नाही, दाब निसटतो आणि तापलेला वायू सीटच्या कडेने चाटत बाहेर पडतो. इंजिन शांत झालं नव्हतं, त्याचा गळा धरला गेला होता. वेळेवर उघडलं म्हणून नुसती फट लावून भागलं. आणखी महिना गेला असता तर वाल्व्ह जळून हेड उतरवावं लागलं असतं.

रिक्षा परत टिकटिकायला लागली. मामा चार दिवस तोंड पाडून होते.

ऑइल कधी बदलायचं यावरही मिस्त्रीनेच एकदा त्यांना हिशेब मांडून दिला, रिक्षाच्या टपावर खडूने. मीटरवर दिवसाचे १०० किलोमीटर. पंपाच्या रांगेत तासभर, बाकी ट्रॅफिकमध्ये आणि स्टँडवर धरून ३ तास इंजिन उभ्या-उभ्या चालू. गाड्यांचे ताफे सांभाळणारे लोक असा एक तास साधारण ४० किलोमीटरच्या बरोबरीने धरतात. म्हणजे १२० किलोमीटर मीटरला दिसलेच नाहीत, आणि इंजिन दिवसाला २२० पळालं. पुस्तकात ५,००० लिहिलंय असं धरा. मीटरच्या हिशेबाने ५० दिवस होतात, इंजिनाच्या हिशेबाने २३. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून मिस्त्रीने मधला आकडा धरला, ३,००० किलोमीटर, म्हणजे महिन्याला एकदा. टॅपेटची फट तेव्हाच बघायची.

मामा बराच वेळ टपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘इंजिन बंद केलं तर १२० वाचले की!’ मिस्त्रीने हात जोडले. तेवढ्यात रांग दोन रिक्षा पुढे सरकली, मामांनी सेल्फ मारला, दोन रिक्षा पुढे गेले आणि इंजिन चालूच ठेवलं. कारण सारखा सेल्फ मारला की बॅटरी उतरते, ही त्यांची तिसरी श्रद्धा. बॅटरी धडधाकट असेल तर ती सहसा उतरत नाही, पण हे त्यांना मी सांगायला गेलो नाही.

ऑइल मात्र हल्ली महिन्याला बदलतात. पहिल्या तारखेला. टिन घेताना मागची बारीक अक्षरं दुकानदाराकडून मोठ्याने वाचून घेतात, कारण चष्मा घरी असतो. लिटरभराचा तर मामला, पण जुनं ऑइल निथळायला लागलं की चिमूट त्याखाली धरायची सवय गेलेली नाही. ‘वाया चाललंय हो,’ असं म्हणून हळहळतात.

परवा कुणीतरी त्यांना इलेक्ट्रिक रिक्षा बघायला नेलं. उभी असताना मोटर फिरतच नाही, गॅसची रांग नाही, ऑइल बदलायचं नाही, असं शोरूममधला मुलगा सांगत गेला तसतसा मामांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी विचारलं, ‘कुठंच ऑइल पडत नाही?’ मागच्या गिअरच्या पेटीत थोडं पडतं, असं तो म्हणाला. मामा त्याचा ग्रेड विचारून आलेत.