वास्तूवाले मामा

बिलोलीत कुणी नवं घर घेतलं की आधी पेढे येतात, मग पत्रिका येते आणि पत्रिकेच्याही आधी मामा येऊन गेलेले असतात. मामा कुणाचेच सख्खे मामा नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात मोबाइल आणि मोबाइलमध्ये होकायंत्र. ते फी घेत नाहीत, आणि हीच खरी अडचण आहे. फी घेणाऱ्याला नको म्हणता येतं. फुकट सल्ला देणाऱ्याला चहा द्यावा लागतो आणि चहा पिईपर्यंत तो घरभर हिंडतो.

आमच्याकडे जुन्या माळवदाच्या घरात मामांना फारसं काम नव्हतं. बाज उचलली, फिरवली, झाली दिशा बदलून. उन्हाळ्यात तर ती अंगणातच. पण आता तीन मजल्यांच्या इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर बॉक्सचा पलंग आला. पोटात आहेराची भांडी आणि सहा गोधड्या घेऊन बसलेला हा पलंग चार माणसांनीही हलत नाही. मामांचे दिवस तिथून पालटले.

परवा आमच्या खालच्या मजल्यावर नवं जोडपं राहायला आलं. फ्लॅट वीस बाय चोवीस फुटांचा. मामांनी उंबऱ्यातच चप्पल काढून मोबाइल आडवा धरला आणि एकदम गंभीर झाले. उत्तर दिशा संडासात गेली होती! बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पलंग जोडायला आलेला मिस्त्री म्हणाला, "मामा, तुमी लोखंडी कपाटाला टेकून उभे हाव." मामा चार पावलं सरकले, उत्तर जागेवर आली. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ बहकतं. कपाट, फ्रिज, जिन्याचा कठडा, कॉलममधल्या सळया, कशानेही. म्हणून तीन-चार जागी पाहावं आणि आकडे जुळले तरच खरं मानावं. त्यावरही भरवसा नसेल तर २१ मार्चच्या सुमारास सूर्य कुठून उगवतो ते गच्चीवरून बघून ठेवावं. मामांनी हे सगळं मिस्त्रीलाच उलट समजावून सांगितलं, जणू सुरुवातीची चूक त्यांनी मुद्दाम करून दाखवली होती.

मामांचं वाचन आहे, हे मान्य करायला हवं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत राजाचं उत्तम घर १०८ हात रुंद सांगितलंय, हे त्यांना पाठ आहे. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर झाले १६२ फूट. वास्तुपुरुषाच्या मंडलात आडवे नऊ आणि उभे नऊ, असे एक्याऐंशी चौकोन असतात. राजाच्या घरात एकेक चौकोन अठरा फूट रुंद पडतो. आमच्या या फ्लॅटमध्ये तोच चौकोन सव्वादोन फूट बाय पावणेतीन फुटांच्या आत बसतो. नवराबायकोचा पलंग एकटाच साडेसहा चौकोन गिळतो. मधले नऊ चौकोन ब्रह्मस्थान, तिथे जड काही नको. ते मोकळं ठेवायचं म्हणजे सोफा जिन्यात ठेवायचा.

सीमेपलीकडे तेलंगणात वास्तूला आपल्याहून जास्त मान. हैदराबादचं जुनं सचिवालय २०२० मध्ये पाडलं आणि ३० एप्रिल २०२३ ला नव्याचं उद्घाटन झालं, तेव्हा वास्तुदोषाची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर झाली. मामा हा दाखला हमखास देतात. पण सरकारला इमारत पाडता येते. इथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी शेजारचा विचारायला येतो.

खरी लढाई झाली बेडरूममध्ये. खोली नैर्ऋत्येची, म्हणजे घरमालकाची. इथवर मामा खूश. पूर्व-पश्चिम दहा फूट, उत्तर-दक्षिण अकरा. डोकं दक्षिणेला, पलंग दक्षिण भिंतीला, असा हुकूम सुटला. जड कपाट नैर्ऋत्य कोपऱ्यात, दारं कुबेराकडे म्हणजे उत्तरेला उघडणारी. कागदावर बरोबर. मिस्त्रीने टेप काढला. दहा फुटांच्या भिंतीत तीन फुटांचं कपाट, सहा फुटांचा पलंग. उरला एक फूट. आणि खोलीचं दार पूर्व भिंतीत, अगदी दक्षिण टोकाला, आत उघडणारं. ते वीतभर उघडून पलंगाला थडकलं.

"दाराची फळी काढा, पडदा लावा," मामा म्हणाले.

बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मामा, सासूबाई हॉलमध्ये झोपतात."

मामा गप्प. माझ्या मते मामांचं मोठेपण इथे सुरू होतं. दुसरा एखादा पिरॅमिड आणि मिठाची वाटी देऊन निघून गेला असता. मामा नियम मोडत नाहीत, नियमाचा धाकटा भाऊ शोधतात. दक्षिण उत्तम, पूर्व चालते, उत्तर मुळीच नाही. "पूर्वेला डोकं करा, चालतंय," त्यांनी जाहीर केलं, आणि मिस्त्रीने टेप फिरवला. दाराचे तीन-साडेतीन फूट सोडून पलंगाची उशी पूर्व भिंतीला लावली, तर उत्तरेला दीड फूट उरतं, चादर खोचायला पुरेसं. पायथ्याशी, पश्चिमेला साडेतीन फुटांची वाट राहते. कपाट आपल्या कोपऱ्यातच, आणि त्याची दारं या वाटेत पूर्ण उघडतात. बाथरूमचं दार उत्तर भिंतीच्या पश्चिम टोकाला, तेही या वाटेतच येतं. कपाट हललं नाही, कुबेर रुसला नाही, दार लागलं. मिस्त्री हेच सकाळपासून सांगत होता, पण त्याच्याकडे संस्कृत नव्हतं.

मग कूलर. बिलोलीचा मे महिना कूलरशिवाय निघत नाही, आणि खोलीला खिडकी एकच, पश्चिमेची. पाणी तर ईशान्येला हवं. हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात कूलर ठेवून पाहिला. बंद कोपऱ्यातला कूलर तीच दमट हवा फिरवत बसला आणि तासाभरात भिंत चिकट झाली. कूलरची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे हवी आणि आत आलेल्या हवेला निघायला दुसरी खिडकी उघडी हवी, नाहीतर त्याचा उपयोग नाही. मामांनी डोळे मिटले. पश्चिमेचा स्वामी कोण? वरुण. वरुण कशाचा देव? पाण्याचा. "खिडकीतच लावा!" मिस्त्रीने फक्त एवढंच जोडलं की पश्चिमेचं ऊन टाकीवर पडेल, तर वर पत्रा मारा आणि हॉलची खिडकी रात्री बंद करू नका. पत्र्याबद्दल शास्त्रात विरोध नसल्याचं मामांनी तत्काळ स्पष्ट केलं.

फ्रिजचा प्लग ईशान्येला निघाला, वास्तुपुरुषाच्या थेट डोक्यावर. त्यावर मामांनी चहाचा दुसरा कप मागितला आणि विषय बदलला.

आठवडाभराने बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये मामांना बोलावलं. नकाशा तोच, भिंती त्याच. वरच्या गृहस्थांनी आधीच टेप घेऊन सामान लावलेलं: उशी पूर्वेला, कपाट नैर्ऋत्येला, कूलर पश्चिमेच्या खिडकीत. मामांनी सगळं फिरून पाहिलं आणि मान हलवली. "दोष आहे."

"पण मामा, खाली तुम्हीच असंच लावून दिलंय की!"

"खालच्यांनी विचारून लावलंय," मामा म्हणाले आणि पलंग हलवायला चार माणसं बोलवा म्हणून सांगून खुर्चीवर बसले.