घोटभर पाणी आणि चमचाभर भूसी

राजवाड्यामागच्या सराफ्यात रात्री दागिन्यांची दुकानं मिटली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, मालपुवा, रबडी, थंडीत गराडू, असं मध्यरात्र उलटेपर्यंत चालतं आणि सकाळी पुन्हा पोहे-जिलबी हजर. मधल्या वेळात इंदूरच्या पोटाचं काय होत असेल, याचं उत्तर जुन्या शहरातल्या अनेक मराठी घरांत फडताळातल्या एका डब्यात असतं. इसबगोलची भूसी. तिला कोणी औषध मानत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हे पीक आपल्याच माळव्यातलं, नीमच-मंदसौरकडे रब्बीत घेतलं जाणारं. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की शेतकरी कपाळाला हात लावतो, कारण बी शेतातच पाणी पिऊन बुळबुळीत होतं. तो बुळबुळीतपणा आपल्याला हवा असतो, पण आतड्यात. तिथे भूसी फुगते, मळ मऊ करते, त्याला आकार देते आणि पुढे सरकवते. तिच्यात जुलाबाच्या औषधाचा झणका नाही. गुण यायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढा धीर नसलेली माणसं दुसऱ्याच दिवशी चमचे वाढवतात. पाणी मात्र वाढवत नाहीत.

आमचे काका याच पंथातले. सराफ्यातून परतले की कोलेस्टेरॉलची गोळी आणि दोन चमचे भूसी एकदमच तोंडात टाकायचे, वर घोटभर पाणी, आणि लगेच आडवे. पाणी कमी का, तर रात्री उठावं लागतं म्हणून. काकू म्हणायच्या, “अहो, नर्मदा जलूदहून एवढा घाट चढून तुमच्या नळाला येते, आणि तुम्हाला ग्लास उचलवत नाही!” काकूंचं म्हणणं वैद्यकशास्त्राला धरून होतं. एका वेळच्या भूसीला निदान 240 मिलिलिटर, म्हणजे मोठा ग्लासभर पाणी लागतं. पटत नसेल तर चमचाभर भूसी वाटीत टाकून त्यावर दोन घोट पाणी घाला आणि थोडा वेळ थांबा. चिकट लगदा होतो. तोच लगदा अन्ननलिकेत झाला तर घास अडकल्यासारखा बसतो, आणि आडव्या माणसाला तो खाली ढकलायला गुरुत्वाकर्षणाचीही मदत नसते. पाणी पोटातही हवंच; ते कमी पडलं तर ज्या बद्धकोष्ठासाठी भूसी घेतली, तेच वाढतं.

काकूंच्या बोलण्याने कंटाळून काकांनी भूसी सकाळवर नेली. ग्लासभर पाण्यात ढवळून, घट्ट व्हायच्या आत पिऊन, वर आणखी एक ग्लास. सगळं नमुनेदार! फक्त त्याच वेळी थायरॉईडची गोळीही असायची. काही महिन्यांनी काकांना थकवा आला, अंग जड झालं आणि तपासणीत टीएसएच वाढलेलं निघालं. गोळी तर एकही चुकली नव्हती. डॉक्टर डोस वाढवायला निघाले, मग थांबून म्हणाले, “काका साहब, और क्या-क्या लेते हो?” काकांनी रक्तदाबाची गोळी सांगितली, कोलेस्टेरॉलची सांगितली. भूसी काकूंनी सांगितली.

भूसीचा गर पोटातली गोळी स्वतःत धरून ठेवतो. मग औषध रक्तात उशिरा पोचतं किंवा कमी पोचतं. म्हणून इतर औषधं आणि भूसी यांच्यात निदान दोन तास ठेवायचे. थायरॉईडच्या गोळीसाठी चार तास ठेवलेले बरे. हृदयाचं डिगॉक्सिन, लिथियम, फिटसाठीचं कार्बामाझेपिन किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर वेळा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्याव्यात. मधुमेहींनीही विचारावं, कारण भूसीने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते.

काकांचा दिवस मग असा बसला: सकाळी सहाला थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, नऊला नाश्त्यानंतर रक्तदाबाची, रात्री साडेनऊला कोलेस्टेरॉलची. दुपारभर मैदान मोकळं, म्हणून भूसी संध्याकाळी पाचला. डोस तोच ठेवून दोनेक महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा टीएसएच उतरलेलं होतं. सराफ्यावर डॉक्टरांनी काही बंधन घातलं नाही, हे काका आजही भेटेल त्याला सांगतात.

गिळायला त्रास होणाऱ्याने किंवा पोटात जोराची कळ, उलट्या, शौचावाटे रक्त असणाऱ्याने भूसीला हात लावू नये. घेतल्यावर छातीत काही अडकल्यासारखं वाटलं, थुंकीही गिळवेना किंवा श्वास लागला, तर वर पाणी ओतत न बसता थेट दवाखाना गाठावा. आणि डॉक्टरांनी चालू औषधांची यादी विचारली, तर फडताळातल्या डब्याचंही नाव सांगा, घ्यायच्या वेळेसकट.